काठावर टेकलेली सळई: कोन ठरतो तो काठावरच्या प्रतिक्रियेच्या दिशेने

प्रश्न: r त्रिज्येचा गुळगुळीत अर्धगोल वाडगा पक्का बसवलेला आहे, काठ आडवा आहे. l लांबीची एकसमान सळई आत ठेवली आहे, खालचं टोक वाडग्याच्या आतल्या बाजूला आणि वरचा भाग काठावरून बाहेर. समतोलात सळई क्षितिजाशी किती कोन करेल? मी दोन्ही प्रतिक्रिया केंद्रातून जातात असं धरलं, त्यामुळे वजनही केंद्रातून जायला हवं, म्हणून गुरुत्वमध्य केंद्राच्या बरोबर खाली घेतला. r = 10 सेमी, l = 30 सेमी घातल्यावर cos θ = 1.175 येतं. पुस्तकातलं उत्तर cos θ = [l + √(l² + 128r²)] / 16r असं आहे. माझं कुठे चुकतंय, आणि हे 128 येतात कुठून?

उत्तर:

तुमची चूक एकाच जागी आहे: काठावरची प्रतिक्रिया केंद्राकडे जात नाही, ती सळईला लंब असते. बाकीची मांडणी योग्य आहे. तीन बलं एका बिंदूत मिळायला हवीत हा विचारही योग्यच आहे, फक्त तो बिंदू केंद्र नाही. ही दिशा एकदा पक्की झाली की उरलेलं गणित चार ओळींचं आहे, म्हणून आधी तिच्यावरच थोडा वेळ घालवू.

वाडग्याच्या काठाच्या वर्तुळाचं केंद्र O, सळईचं आतलं टोक A, सळई काठाला टेकते तो बिंदू B आणि सळईचा मध्य म्हणजे गुरुत्वमध्य G. आकृतीत B उजवीकडे आणि A डावीकडे घ्या, म्हणजे सळई डावीकडून उजवीकडे चढत जाईल. सळईची लांबी l = 2a लिहितो. गुरुत्वमध्य टोकापासून a अंतरावर येतो आणि अपूर्णांकांचा पसारा कमी होतो.

गुळगुळीत स्पर्शाचा अर्थ एवढाच की तिथे घसरण्याला कोणी अडवत नाही. म्हणून प्रत्येक स्पर्शबिंदूपाशी एकच प्रश्न विचारायचा: इथे घसरणं कोणत्या दिशेने होऊ शकतं? प्रतिक्रिया त्या दिशेला लंब असते. A पाशी सळईचं टोक म्हणजे एक बिंदू आहे आणि समोर वाडग्याचा वक्र पृष्ठभाग आहे. टोक घसरलं तर त्या पृष्ठभागावरूनच घसरेल, म्हणजे स्पर्शिकेच्या दिशेने. तिला लंब दिशा म्हणजे त्रिज्या, म्हणून A वरची प्रतिक्रिया AO च्या दिशेने, केंद्राकडे. हे तुम्ही बरोबर घेतलं आहे.

B पाशी परिस्थिती उलटी आहे. तिथे वाडग्याकडून येते ती फक्त एक धार, आणि सलग सरळ पृष्ठभाग आहे तो सळईचा. धारेला स्वतःची अशी एकच लंब दिशा नसते. वाडग्याची आतली बाजू तिथे उभी संपते, वरचा काठ आडवा असतो आणि या दोन दिशांच्या मधली कोणतीही दिशा धार सहज पेलू शकते. मग निर्णय सळई करते. काठावर घसरणं होईल ते सळईच्या लांबीच्या दिशेने, म्हणून प्रतिक्रिया सळईला लंब, वर आणि डावीकडे झुकलेली. ती केंद्राकडे म्हणजे आडवी घेतली, तर तिचा एक घटक सळईच्या दिशेने उरतो. सळईच्या दिशेने ढकलणारा काठ म्हणजे घर्षण असलेला काठ, आणि घर्षण तर गणितातच नाकारलेलं आहे.

विद्यार्थी इथे का अडखळतात ते मला समजतं. वाडगा गोल आहे, काठ त्याचाच भाग आहे, आणि 'गोलाची प्रतिक्रिया केंद्रातून जाते' हे वाक्य डोक्यात घट्ट बसलेलं असतं. पण ते वाक्य गोल पृष्ठभागाबद्दल आहे. काठापाशी तो पृष्ठभाग संपलेला असतो.

आता भूमिती. OB आडवी आहे आणि सळई क्षितिजाशी θ कोन करते, म्हणून कोन OBA = θ. OA = OB = r, म्हणजे त्रिकोण OAB समद्विभुज, म्हणून कोन OAB सुद्धा θ. यातून दोन गोष्टी लगेच मिळतात. पहिली म्हणजे सळईचा वाडग्याच्या आत असलेला भाग:

AB = 2r cos θ

दुसरी म्हणजे AO ही रेषा क्षितिजाशी 2θ कोन करते. सळईचा θ, आणि सळई व त्रिज्या यांच्यातला आणखी एक θ. या गणितात cos 2θ शिरतं ते इथूनच. इथे घाईत θ लिहिलं की पुढे सगळं सुबक दिसतं आणि उत्तर मात्र भलतंच येतं, म्हणून आकृतीत हा 2θ ठळक काढून ठेवा.

AO वर वाढवा आणि B पाशी सळईला लंब काढा. त्या दोन रेषा जिथे मिळतात त्या बिंदूला C म्हणू. त्रिकोण ABC मध्ये B पाशी काटकोन आहे आणि A पाशी θ, म्हणून

AC = AB / cos θ = 2r

म्हणजे C हा वाडग्याच्याच वर्तुळावर, A च्या बरोबर समोर, व्यासाच्या दुसऱ्या टोकाला आहे. अर्धवर्तुळातला आंतरलिखित कोन काटकोन असतो हे दहावीतलं प्रमेयच इथे उभं आहे. वाडगा फक्त खालचा अर्धा भाग आहे, पण वरचा अर्धा भाग तुटक रेषेने पूर्ण करा, C तुम्हाला त्यावर दिसेल. हे एक टिंब आकृतीत आलं की अर्धं काम झालं.

तिसरं बल वजन. तेही C मधून जायला हवं, म्हणून G हा C च्या बरोबर खाली. A पासून C चं आडवं अंतर 2r cos 2θ, आणि A पासून G चं आडवं अंतर a cos θ. दोन्ही सारखी:

a cos θ = 2r cos 2θ

हे समतोलाचं समीकरण. तुमच्या समीकरणात उजव्या बाजूला r cos 2θ होतं, कारण तुम्ही C ऐवजी O घेतला, म्हणजे अंतर निम्म्यावर आलं. cos 2θ = 2cos²θ − 1 घालून

4r cos²θ − a cos θ − 2r = 0

cos θ = [a + √(a² + 32r²)] / 8r

वर्गमुळापुढे ऋण चिन्ह घेतलं तर cos θ ऋण येतो, तो आपल्या आकृतीत बसत नाही. a = l/2 घाला, अंश आणि छेद दोन्हींना 2 ने गुणा. वर्गमुळाच्या आत 2 गेला की त्याचे 4 होतात, 32 चे 128 झाले आणि 8 चे 16. पुस्तकातलं उत्तर ते हेच. l आणि 2a मधली गल्लत ही या गणितातली दुसरी नेहमीची घसरण आहे. 32 आणि 128 यांपैकी कोणता आकडा कोणत्या अक्षराबरोबर जातो हे पाठ करण्यापेक्षा समीकरण पुन्हा मांडणं सोपं.

तुमचे आकडे घालू. r = 10 सेमी, a = 15 सेमी:

cos θ = [15 + √(225 + 3200)] / 80 = (15 + 58.52) / 80 = 0.919

θ सुमारे 23.2°. आतला भाग AB = 20 × 0.919 = 18.4 सेमी, काठाबाहेर 11.6 सेमी. ताळा: 2r cos 2θ = 13.8 सेमी आणि a cos θ सुद्धा 13.8 सेमी.

प्रतिक्रियाही काढून घ्या, कारण त्यांतून उत्तराची दुसरी तपासणी होते. A भोवती मोमेंट घेतले तर A वरची प्रतिक्रिया गळून जाते. काठावरची प्रतिक्रिया सळईला लंब असल्यामुळे तिची भुजा पूर्ण AB:

R_B × 2r cos θ = W × a cos θ, म्हणून R_B = W a / 2r

cos θ दोन्हीकडून उडाला. काठावर किती भार येतो ते कोन न काढताच कळतं: तुमच्या सळईच्या बाबतीत वजनाच्या 0.75 पट. सळईच्या दिशेने घटक घेतले की R_A cos θ = W sin θ, म्हणजे R_A = W tan θ = 0.429 W. आता उभ्या दिशेत बेरीज करा: 0.429 × sin 46.4° + 0.75 × cos 23.2° = 0.311 + 0.689 = 1. वजन पूर्ण पेललं गेलं. θ काढताना आपण उभ्या दिशेची बेरीज वापरली नव्हती, म्हणून ही तपासणी खरी स्वतंत्र आहे.

तुमच्या चुकीच्या समीकरणाकडे परत येतो, कारण 1.175 आला हे तुमचं नशीब. सळई 18 सेमीची असती तर त्याच समीकरणातून cos θ = 0.967 आला असता, कोन 14.8°, आणि संशय यायला काही जागाच राहिली नसती. खरं उत्तर 34.1° आहे. मग चूक पकडायची कशी? आतला भाग मोजायचा. 14.8° ला AB = 19.3 सेमी येतो, आणि सळई तर 18 सेमीचीच! ती काठापर्यंत पोचतच नाही.

हा योगायोग नाही. O मधून सळईवर टाकलेला लंब AB चा मध्य गाठतो. सळई उजवीकडे चढती आहे, त्यामुळे तो लंब खाली उजवीकडे झुकलेला असतो, आणि O मधून सोडलेली उभी रेषा सळईला त्या मध्याच्या डावीकडे, A च्या बाजूला छेदते. गुरुत्वमध्य O च्या खाली घ्यायचा म्हणजे तो AB च्या मध्याच्या अलीकडे घ्यायचा, म्हणजे अर्धी सळई अर्ध्या AB पेक्षा लहान, म्हणजेच पूर्ण सळई AB पेक्षा लहान. प्रतिक्रिया केंद्राकडे घेतली की काठावर टेकलेली सळई कोणत्याच मापात मिळणार नाही. म्हणून 'AB हा l पेक्षा लहान आहे का' ही एक ओळ उत्तराखाली लिहायची सवय ठेवा.

ती ओळ बरोबर समीकरणालाही लावावी लागते, आणि तिथे तिच्यातून सूत्राची मर्यादा निघते. सळई जेमतेम काठापर्यंत पोचते तेव्हा 2a = 2r cos θ, म्हणजे a = r cos θ. हे समतोलाच्या समीकरणात घातलं की cos²θ = 2cos 2θ, त्यातून 3cos²θ = 2, आणि कोन 35.3°. त्या वेळची लांबी l = 1.633 r. वरच्या बाजूला cos θ = 1 ही हद्द आहे, तिथे a = 2r म्हणजे l = 4r. तुमच्या वाडग्यासाठी सळई 16.3 सेमीपेक्षा लांब आणि 40 सेमीपेक्षा आखूड हवी, तरच ती काठावर रेलून राहील.

40 सेमीच्या पुढे गेल्यावर काय होतं ते सहज दिसतं: आतलं टोक कितीही वर घेतलं तरी वजनाचं पारडं बाहेरच्या बाजूला जातं आणि सळई बाहेर उलटते. 16.3 च्या खाली सळई काठावरून सुटून आत पडते आणि दोन्ही टोकं वाडग्याला टेकवून आडवी राहते. मधे एक छोटा पट्टा आहे, 16.3 ते 20 सेमीचा, जिथे दोन्ही प्रकारचे समतोल शक्य आहेत. 18 सेमीची सळई काठावर 34.1° त राहू शकते किंवा पूर्ण आत आडवीही राहू शकते, तुम्ही ठेवाल तशी. प्रश्नात 'काठावर टेकलेली' असं स्पष्ट लिहिलेलं असतं ते यासाठीच.

लांबीबरोबर कोन कसा बदलतो हेही एकदा पाहून घ्या. 20 सेमीला 32.5°, 30 ला 23.2°, 35 ला 16.5°, आणि 39 ला 7.4°. 20 पासून 30 पर्यंतच्या दहा सेंटिमीटरमध्ये कोन नऊ अंशांनी उतरतो, आणि शेवटच्या एका सेंटिमीटरमध्ये सात अंशांहून जास्त. म्हणून प्रत्यक्ष प्रयोग करायचा असेल तर 40 च्या जवळची लांबी घेऊ नका, लांबी किंवा त्रिज्या मोजण्यातली बारीक चूकही तिथे कोनात मोठी होऊन दिसते. कोन कधीच 45° ला पोचत नाही हेही लक्षात घ्या. 45° ला A वाडग्याच्या तळाशी असता. तिथे तळाची प्रतिक्रिया सरळ उभी, आणि काठाची प्रतिक्रिया डावीकडे ढकलणारी. त्या ढकलण्याला उत्तर द्यायला कोणी नाही. म्हणून खालचं टोक नेहमी तळाच्या पलीकडे, समोरच्या चढावर असतं. आकृती काढताना A तळाशी काढली असेल तर आकृतीच चुकीची आहे.

आता दुसरी वाट, जिच्यात प्रतिक्रियांचं नावही घ्यावं लागत नाही. काठाच्या पातळीपासून A ची खोली AB sin θ = r sin 2θ. G हा A पेक्षा a sin θ ने वर. म्हणून काठापासून मोजलेली G ची उंची

y = a sin θ − r sin 2θ

गुळगुळीत व्यवस्थेत समतोल असतो तिथे y चा θ बाबतचा अवकलज शून्य. a cos θ − 2r cos 2θ = 0. तेच समीकरण, एका ओळीत. आणखी एकदा अवकलन केलं की sin θ (8r cos θ − a) मिळतं. समतोलापाशी 8r cos θ − a म्हणजे √(a² + 32r²), ते नेहमी धन, म्हणून उंची किमान आणि समतोल स्थिर. सळईला हलकं बोट लावून सोडलं तर ती परत त्याच कोनाकडे येते. पहिल्या पद्धतीतून ही माहिती मिळत नाही, म्हणून परीक्षेत 'समतोल स्थिर आहे का' असं विचारलं असेल तर थेट ऊर्जेच्या पद्धतीने जा.

या दोन पद्धती एकच उत्तर का देतात, हे मला या गणितातलं सर्वांत सुंदर वाटतं. सळई थोडी सरकली तर A चा वेग वाडग्याच्या स्पर्शिकेच्या दिशेने, आणि B पाशी असलेल्या सळईच्या कणाचा वेग सळईच्या दिशेने. या दोन वेगांना लंब काढले तर ते कुठे मिळतील? C मध्येच. म्हणजे त्या क्षणी सारी सळई C भोवती फिरते आहे. G जर C च्या बरोबर खाली असेल तर त्याचा वेग आडवा, म्हणजे उंची बदलत नाही, म्हणजेच y चा अवकलज शून्य. तीन बलांचा छेदबिंदू आणि फिरण्याचा क्षणिक केंद्रबिंदू एकच आहेत, कारण गुळगुळीत स्पर्शाची प्रतिक्रिया हालचालीला लंब असते. काठावरच्या प्रतिक्रियेबद्दल शंका उरली असेल तर हाच निकष वापरा: सळई सरकताना जी प्रतिक्रिया कार्य करते ती गुळगुळीत काठाची असूच शकत नाही. केंद्राकडे जाणारी तुमची प्रतिक्रिया या कसोटीवर पडते.

शेवटी घर्षणाबद्दल. स्टीलचा वाडगा आणि विणकामाची सुई किंवा सायकलची आरी घेऊन हे करून बघितलंत तर पहिल्या फटक्यात 23.2° मिळणार नाहीत. सळई जिथे ठेवाल तिथे, काही अंशांच्या पट्ट्यात, अडकून राहील. हा पट्टा किती रुंद, तेही आपल्या आकृतीतून निघतं. घर्षण-कोन λ म्हणजे tan λ = μ, आणि तो दोन्ही ठिकाणी सारखा धरू. A खाली घसरण्याच्या बेतात असेल तर तिथली एकूण प्रतिक्रिया λ ने उभी होते. त्याच वेळी सळई काठावरून बाहेर सरकू पाहते, म्हणून B वरची प्रतिक्रियाही λ ने, त्याच फिरकीत, वळते. दोन्ही रेषा एकाच दिशेने सारख्याच फिरल्या, तर त्यांच्यातला कोन तोच राहतो आणि छेदबिंदू C त्याच वर्तुळावर सरकतो. आंतरलिखित कोनाचं प्रमेय पुन्हा कामाला आलं. AC आता 2r cos λ लांबीची जीवा आहे, क्षितिजाशी 2θ + λ कोनात, म्हणून

a cos θ = 2r cos λ cos(2θ + λ)

दुसऱ्या टोकाला, A वर घसरण्याच्या बेतात असताना, कंसातल्या λ चं चिन्ह बदलायचं. λ = 0 घातला की आपलं मूळ समीकरण परत मिळतं. हे समीकरण अंदाजाने आकडे घालत सोडवावं लागतं. तुमच्या सळईसाठी λ = 10° घेतला, म्हणजे μ सुमारे 0.18, तर खालची मर्यादा 16.6° आणि वरची 29.2° येते. इतक्या साध्या घर्षणाने साडेबारा अंशांचा पट्टा! दोन्ही मर्यादांचा मध्य 22.9° आहे, खऱ्या 23.2° च्या बराच जवळ. म्हणून घरी करताना एकदा सळई खूप आडवी धरून हळूहळू कोन वाढवत न्या आणि ती कुठे पहिल्यांदा थांबते ते मोजा. मग उलट बाजूने, खूप तिरपी धरून कमी करत या. दोन्हींची सरासरी घ्या. आतल्या बाजूला तेलाचा हात फिरवला तर पट्टा आणखी अरुंद होतो.

वाडग्याच्या बाबतीत दोन गोष्टी बघून घ्या. काठ बाहेर वळवलेला, जाड नसावा. तसा असेल तर सळई r पेक्षा थोड्या जास्त अंतरावर आणि थोड्या वर टेकते, आणि AB = 2r cos θ हे मूळ नातंच बिघडतं. दुसरं म्हणजे 'पक्का बसवलेला' हा शब्द प्रश्नात उगाच नाही. सळईचं सगळं वजन G मधून खाली जातं, आणि G हा O च्या उजवीकडे r cos 2θ एवढ्या अंतरावर असतो. तुमच्या आकड्यांत ते अंतर 6.9 सेमी आहे. बहुतेक वाडग्यांची बैठक याहून अरुंद असते, त्यामुळे हलका वाडगा जड सळईने कलंडतो. तळाशी ओली माती किंवा पीठ लावून वाडगा घट्ट बसवा, काठ स्पिरिट लेव्हलने आडवा करा, आणि मगच कोन मोजा. कोनमापकापेक्षा काठाबाहेरची लांबी पट्टीने मोजणं सोपं जातं: ती l − 2r cos θ असते, तुमच्यासाठी 11.6 सेमी.

पण यात एक अडचण आहे. या कोनापाशी ही लांबी कोनाला फारशी दाद देत नाही, एका अंशाला जेमतेम 1.4 मिलिमीटर सरकते. म्हणून टोकदार पेन्सिलने काठाची जागा सळईवर खूण करून, सळई बाहेर काढून मोजा, आणि r व l दोन्ही मिलिमीटरपर्यंत मोजलेले असू द्या.